फ्लायरचं भाषांतर करायला देऊ नका

मराठी-इंग्रजी फ्लायर दोन्ही भाषांत एकसारखा कसा ठेवायचा, हे व्हिडिओत थोडक्यात सांगून झालं. पण कॅमेऱ्यासमोर घाई होते, आणि काही गोष्टी निवांत वाचल्यावरच डोक्यात बसतात, म्हणून इथे सविस्तर लिहिते. माझं म्हणणं एका ओळीचं आहे: फ्लायर आधी मराठीत लिहून मग त्याचं इंग्रजी करायला देणं ही पद्धतच चुकीची आहे. बहुतेक दुकानदार असंच करतात. मीही केलंय आणि त्याची किंमत रोख मोजली आहे.

२०२५ च्या दिवाळीची गोष्ट. सोलापुरात चादर-टॉवेलचं दुकान म्हटलं की गिऱ्हाईक फक्त सोलापूरचं नसतं. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर करून परत निघालेली माणसं जाता जाता चादर घेतात. त्यांत हैदराबादचे असतात, बेंगळुरूचे असतात. त्यांना मराठी वाचता येत नाही, इंग्रजी येतं. म्हणून मी ए-फाइव्ह आकाराचा फ्लायर केला, एका बाजूला मराठी, मागच्या बाजूला इंग्रजी. दोन हजार प्रती.

मराठी बाजूला लिहिलं होतं: सोलापुरी चादर, दर जोडीमागे एक टेरी टॉवेल मोफत, वसुबारस ते पाडवा. इंग्रजी माझ्या पुतण्याकडून करून घेतलं. त्याने बरोबर केलं होतं, ‘ऑन एव्हरी पेअर’ वगैरे सगळं होतं. पण ती ओळ छापखान्यात मथळ्याच्या चौकटीत मावेना. ऑपरेटरचा फोन आला, "मॅडम, इंग्रजी ओळ बसत नाही." दुकानात गर्दी होती. मी म्हणाले, "बसवा की हो कसंतरी." त्याने बसवली. ‘एव्हरी पेअर’ गेलं आणि राहिलं ते असं: ‘बाय सोलापुरी बेडशीट, गेट टेरी टॉवेल फ्री.’ चादरीचं ‘बेडशीट’ही तिथेच झालं, कारण तो शब्द सगळ्यांच्या तोंडात बसलाय आणि ओळही सुटसुटीत दिसते.

तुळजापूरहून आलेल्या एका हैदराबादच्या कुटुंबाने पाच चादरी घेतल्या आणि पाच टॉवेल मागितले. माझ्या हिशोबाने पाच चादरींत दोन जोड्या, म्हणजे दोन टॉवेल. त्यांनी फ्लायर काउंटरवर ठेवला. तो वाचला आणि मी पाच टॉवेल दिले. दुसरं काय करणार? छापलेला शब्द माझा होता. टॉवेल मला १४० रुपयांना पडला होता, तीन जास्तीचे म्हणजे ४२० रुपये. रक्कम एका बिलापुरती लहान आहे. पण सहा दिवसांत इंग्रजी फ्लायर घेऊन आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाशी हाच प्रसंग. तिसऱ्या दिवशी रबरी शिक्का करून उरलेल्या प्रतींवर ‘पर पेअर’ मारला. आधी वाटलेल्या प्रती मात्र शेवटपर्यंत मान्य केल्या.

आता बघा, यात पुतण्याची चूक नाही, ऑपरेटरचीही नाही. त्याला जे सांगितलं ते त्याने केलं. चूक अशी की कुठल्या शब्दाला हात लावायचा नाही हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं, कारण तसं कुठे लिहिलेलंच नव्हतं. ऑपरेटरला ‘एव्हरी पेअर’ आणि ‘धमाकेदार’ हे दोन्ही सारखेच शब्द. त्याच्या दृष्टीने दोन्ही जागा खातात.

त्यामुळे आता मी आधी फ्लायर लिहीतच नाही. आधी एका कागदावर माहिती लिहिते, वाक्यं न करता. काय, किती, कशावर, कधीपासून कधीपर्यंत, कुठे, आणि काय मिळणार नाही. मी त्याला माहितीचा कागद म्हणते. दिवाळीच्या त्याच ऑफरचा कागद असा झाला असता: वस्तू म्हणजे सोलापुरी चादर, ६० बाय ९० इंच, सुती, पांघरायची. मोफत काय, तर ३० बाय ६० इंचाचा एक टेरी टॉवेल. कशावर, तर दोन चादरींच्या प्रत्येक जोडीवर, सुट्या चादरीवर नाही. तारीख १७ ऑक्टोबर ते २२ ऑक्टोबर २०२५, दोन्ही दिवस धरून. ऑफर फक्त दुकानात. टॉवेलचा रंग निवडता येणार नाही. संपलं. या कागदावरून मराठी बाजू वेगळी लिहायची आणि इंग्रजी बाजू वेगळी लिहायची. दोन्हींची आई एकच, त्या एकमेकींचं भाषांतर नाहीत.

याचा पहिला फायदा म्हणजे मराठीत जे गृहीत धरलेलं असतं ते उघडं पडतं. ‘वसुबारस ते पाडवा’ हे आपल्याला स्पष्ट आहे. इंग्रजीत ‘टिल पाडवा’ लिहिलं तर बाहेरच्या माणसाला काही कळत नाही, आणि इंटरनेटवर शोधलं तर त्याला गुढीपाडवा सापडतो, जो २०२५ मध्ये ३० मार्चला होता. आपला दिवाळीचा पाडवा २२ ऑक्टोबरला. शब्द एकच, मध्ये जवळजवळ सात महिने! म्हणून कागदावर तारीखच लिहायची, आणि ती दोन्ही बाजूंना छापायची. मराठी बाजूला सणाचं नाव शोभेला ठेवा, पण तारखेच्या सोबत. ‘पर्यंत’चंही तसंच. २२ तारखेपर्यंत म्हणजे २२ धरून, असं आपण समजतो. इंग्रजीत कुणी ‘बिफोर’ लिहिलं की २२ तारीख बाहेर गेली. ‘दोन्ही दिवस धरून’ हे कागदावर असलं की ही चूक होतच नाही.

दुसरी गोष्ट चादरीची. आपल्याकडे सोलापुरी चादर म्हणजे जाड, जॅकार्डवर विणलेलं सुती पांघरूण. ‘बेडशीट’ म्हणजे गादीवर अंथरायचं पातळ कापड. ही दोन वेगळी उत्पादनं आहेत. त्या दिवाळीत दोन जण इंग्रजी फ्लायर दाखवून ‘उशीच्या खोळी कुठे आहेत’ असं विचारून गेले. त्यांचं बरोबरच होतं, बेडशीटसोबत खोळी येतात. हा फरक फक्त शब्दांचा नाही, तुम्ही काय विकताय तेच बदललं. त्यात सोलापुरी चादरीला आणि सोलापुरी टेरी टॉवेलला भौगोलिक निर्देशांक, म्हणजे जीआय, मिळालेला आहे. ते नाव तसंच ठेवायला हवं. इंग्रजीतही ‘सोलापुरी चादर’च लिहा आणि खाली छोट्या अक्षरांत ‘थिक कॉटन ब्लँकेट’ असं सांगा.

पत्त्याचं भाषांतर करणारेही भेटतात, त्यांना दुरून नमस्कार. नवी पेठ ‘नवी पेठ’च राहते, सात रस्त्याचं ‘सेव्हन रोड्स’ होत नाही. विजापूर रोडची गंमत वेगळी. इंग्रजीत कुणी ‘विजापूर’ लिहितं, कुणी जुनं ‘बिजापूर’, आणि कर्नाटकातून येणारा ‘विजयपुरा’ म्हणतो. इथे माझा नियम साधा आहे: मोबाईलच्या नकाशावर तुमच्या दुकानाच्या पिनखाली जे स्पेलिंग दिसतं, तेच छापा. माणूस तेच टाईप करून येणार आहे.

आता जागेचा प्रश्न, कारण खरं भांडण तिथेच होतं. ए-फाइव्ह म्हणजे १४८ बाय २१० मिलिमीटर. चारही बाजूंनी १० मिलिमीटर समास सोडला की हातात १२८ बाय १९० उरतात. मी या उभ्या जागेचे पाच आडवे पट्टे करते: मथळा ३०, ऑफर ६५, तारीख २५, अटी ३०, पत्ता आणि फोन ४०. दोन्ही बाजूंना पट्टे अगदी तेच, त्याच मापाचे. मग छापखान्यातून आलेल्या दोन्ही बाजूंच्या प्रती टेबलावर शेजारी ठेवायच्या आणि फूटपट्टी आडवी लावून वरून खाली सरकवायची. डावीकडे अटीचा पट्टा आला की उजवीकडेही अटीच यायला हव्यात. मराठीत तीन अटी आणि इंग्रजीत दोन, असं असेल तर कोरी जागा डोळ्यांत खुपते. माझ्या त्या फ्लायरवर पट्टे असते तर मथळ्याची एक ओळ खाल्ली गेलीय हे मला दुकानात बसूनसुद्धा कळलं असतं.

पट्ट्याची उंची कुणाच्या मजकुरावर ठरवायची? ज्या भाषेला त्या पट्ट्यात जास्त जागा लागते तिच्यावर. ही भाषा प्रत्येक वेळी एकच नसते. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात म्हणून शब्द कमी लागतात. ‘जोडीमागे’ एका शब्दात होतं, त्याला इंग्रजीत तीन-चार शब्द लागतात. उलट उंची मराठीला जास्त लागते. वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरं. इंग्रजी ११ पॉइंटला १४ पॉइंटचं अंतर पुरतं, तिथे मराठी १२ पॉइंटला मी १७ ते १८ ठेवते. त्याहून कमी केलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला जाऊन भिडतो. म्हणजे इंग्रजी आडवी पसरते आणि मराठी उभी. मथळ्यात इंग्रजी जिंकते, विशेषतः सगळी मोठी लिपी वापरली तर, आणि अटींच्या पट्ट्यात मराठी. दोन्ही मजकूर आधी टाकून बघायचे, मोठा असेल त्याला पुरून थोडी जागा उरेल एवढा पट्टा ठेवायचा.

तरीही मावलं नाही तर? इथे मी अगदी हट्टी आहे. आधी विशेषणं काढा. ‘धमाकेदार’, ‘खास तुमच्यासाठी’, ‘एकमेव’ हे सगळं दोन्ही बाजूंनी उडवा. मग फोटो लहान करा. मग दुसऱ्या पट्ट्यातून जागा घ्या, पण दोन्ही बाजूंना तेवढीच. मग अक्षर एक पॉइंटने कमी करा. माहितीच्या कागदावरचा एकही शब्द काढायचा नाही. काढायचाच झाला तर कागदावरून काढायचा, म्हणजे ती अट दोन्ही भाषांतून गेली आणि तुम्ही ती ऑफरमधूनच काढून टाकलीत.

एक पळवाट मात्र बंदच ठेवा. ऑपरेटर ओळ बसवायला अक्षरांमधलं अंतर कमी-जास्त करतो किंवा अक्षरं बाजूने दाबतो. इंग्रजीत ते थोडंफार खपतं. मराठीत अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसायला लागतात. दाबलं की काना आणि अक्षर एकात एक घुसतात. ‘ओळ ताणू नका, मला सांगा’ हे छापखान्यात आधीच सांगून ठेवा.

फॉन्टबद्दल थोडं सांगते, कारण माहिती बदलण्याची दुसरी जागा तीच आहे. तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता तो मजकूर युनिकोडमध्ये असतो. अनेक छापखान्यांत अजून जुन्या पद्धतीच्या फॉन्टवर काम चालतं, त्यात तो मजकूर जसाच्या तसा उतरत नाही. मग ऑपरेटर एकतर पुन्हा टाईप करतो किंवा कन्व्हर्टरमधून काढतो. दोन्हींत चुका शिरतात. रुपयाचं चिन्ह २०१० साली आलं, त्यामुळे त्याआधीच्या फॉन्टमध्ये ते नसतंच, तिथे चौकोन येतो किंवा काहीतरी तिसरंच. ‘दुसऱ्या’मधला ऱ्या हमखास बिघडतो. म्हणून मी काम सुरू करायच्या आधी एक चाचणीची ओळ पाठवते, जिच्यात रुपयाचं चिन्ह, टक्क्याचं चिन्ह, ‘दुसऱ्या’, ‘राष्ट्र’ आणि शून्य ते नऊ सगळे आकडे असतात. ती ओळ नीट आली की पुढचं. शक्य असेल तर दोन्ही लिपी एकाच घराण्यात असलेला युनिकोड फॉन्ट सुचवा. मुंबईच्या एक टाईपचे ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ मोफत मिळतात, आणि दोन्ही बाजूंची अक्षरं एकाच हाताची वाटतात.

आकड्यांवरून माझं आणि काही प्रेक्षकांचं जमत नाही. मराठी बाजूला किंमत आणि तारीख मराठी आकड्यांत असावी, हे मलाही आवडतं. पण फोन नंबर दोन्ही बाजूंना इंग्रजी आकड्यांतच छापा. आपला १ हा मराठी न येणाऱ्याला इंग्रजी नवासारखा दिसतो आणि आपला ४ इंग्रजी आठासारखा. सोलापुरात घरात कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारी माणसं भरपूर आहेत. मराठी बाजू त्यांच्याही हातात पडते. किंमत चुकीची वाचली तर ते दुकानात येऊन विचारतील. नंबर चुकला तर फोन दुसऱ्याच कुणाला जाईल आणि तुम्हाला कधी कळणारही नाही.

अटींबद्दल मात्र आवडीनिवडीचा प्रश्न नाही. मथळा मराठीत मोठा, आणि खाली बारीक अक्षरांत इंग्रजीमध्ये ‘टर्म्स अँड कंडिशन्स अप्लाय’, असे कितीतरी फ्लायर मी गोळा केलेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्यात खुलाशाबद्दल सरळ म्हटलंय की दावा ज्या भाषेत, खुलासाही त्याच भाषेत आणि त्याच फॉन्टमध्ये हवा. खुलाशाने दाव्याला खोटं पाडता कामा नये, हेही आहे. म्हणजे मराठीत ‘५० टक्के सूट’ आणि मागे इंग्रजीत ‘अप टू’ असं चालत नाही. आपल्या भाषेत ‘५० टक्क्यांपर्यंत’ लिहायला चार अक्षरं जास्त लागतात, एवढंच. लोक म्हणतात, आपलं लहान दुकान, कोण बघतंय. अहो, गिऱ्हाईक बघतंय की. माझ्या काउंटरवर बघितलंच.

शेवटची तपासणी मी वाचून करत नाही. स्वतः लिहिलेलं आपण वाचत नाही, आठवतो. दोन अशी माणसं शोधते ज्यांनी माहितीचा कागद पाहिलेला नाही. एकाला फक्त मराठी बाजू, दुसऱ्याला फक्त इंग्रजी. दोघांना वेगवेगळे तेच प्रश्न विचारते. पाच चादरी घेतल्या तर किती टॉवेल? २२ तारखेला संध्याकाळी आलो तर मिळेल का? फोनवर ऑर्डर दिली तर? टॉवेलचा रंग मी निवडायचा का? उत्तरं लिहून घेते आणि कागदाशी जुळवते. ‘पाच चादरी’ हा प्रश्न मुद्दाम विषम आकड्याचा आहे. चार विचारल्या असत्या तरी फरक कळला असता, पण सुट्या चादरीचं काय हे पाचवरच समजतं. जिथे उत्तर अडखळतं तिथे फ्लायर दुरुस्त करायचा. माणसाला समजावत बसायचं नाही, कारण गिऱ्हाइकाच्या हातात फ्लायर असतो तेव्हा तुम्ही शेजारी नसता.

आणि एक दुखणं उरतंच, शेवटच्या क्षणाचा बदल. दर बदलला, तारीख सरकली, तुम्ही फोन करता, ऑपरेटर समोर उघडी असलेली बाजू सुधारतो. ती बहुधा मराठी असते. दुसरी बाजू तशीच छापायला जाते, कारण तोवर त्या फाईलमधली अक्षरं कर्व्हमध्ये बदललेली असतात आणि शोधून बदलता येत नाहीत. म्हणून फोनवर दुरुस्ती सांगणं मी सोडलंय. बदल आधी माहितीच्या कागदावर, त्याला नवा क्रमांक, मग दोन्ही बाजू. फ्लायरच्या खालच्या कोपऱ्यात अगदी बारीक ‘३’ असा आवृत्तीचा आकडा दोन्हीकडे छापते. एका बाजूला ३ आणि दुसऱ्या बाजूला २ दिसला की मशीन थांबवायचं. या आकड्याने यंदा संक्रांतीच्या फ्लायरला मला एकदा वाचवलं. मराठीत नवी तारीख होती आणि इंग्रजीत जुनी.

हे सगळं प्रत्येकाने करायचं का? नाही. तुमचा फ्लायर फक्त जुळे सोलापुरातल्या चार सोसायट्यांत वाटायचा असेल तर इंग्रजी बाजू करूच नका. मागची बाजू कोरी ठेवा किंवा तिथे दुकानाचा नकाशा द्या. दोन बाजूंचा खर्च आणि ही सगळी उठाठेव तेव्हाच करा, जेव्हा इंग्रजी वाचून येणारं गिऱ्हाईक तुमच्या काउंटरवर खरंच येतं. माझ्याकडे येतं. ते हैदराबादचं कुटुंबही संक्रांतीच्या सुमारास पुन्हा आलं होतं, यावेळी सहा चादरी घेतल्या आणि आधीच विचारलं, "थ्री टॉवेल्स, राइट?"